इस्तिखारा आणि स्वप्नाचा कौल

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी माझा एक जुना विद्यार्थी आमच्या तुळिंजच्या घरी आला. जातीने कोकणी मुसलमान, धंद्याने लाकडाचा व्यापारी. स्टेशनलगतचा एक गाळा त्याला विकत मिळत होता आणि मालकाने उत्तरासाठी शुक्रवारपर्यंतची मुदत दिली होती. तो म्हणाला, "मास्तर, तीन रात्री इस्तिखारा केला. पहिल्या दोन रात्री काहीच दिसले नाही. तिसऱ्या रात्री दुकानात पाऊस पडताना दिसला. बायकोचे मामू म्हणतात, पाऊस म्हणजे रहमत, गाळा घे. माझी आपा म्हणते, छपरातून पाणी गळणे म्हणजे नुकसान. आपण इतिहास शिकवीत होता, आता आपणच सांगा."

स्वप्नाचा अर्थ सांगण्याची माझी पात्रता नाही, हे मी त्याला सांगितले. परंतु इस्तिखारा ही चाल कोठून आली आणि तिच्यात स्वप्न केव्हा शिरले, हा प्रश्न इतिहासाचा आहे. आणि त्याचा मी थोडाबहुत अभ्यास केलेला होता.

आपण कोकणातील माणसे 'कौल' या शब्दाशी परिचित आहोत. देवाच्या अंगावर लावलेले फूल उजवीकडे पडले तर होकार, डावीकडे पडले तर नकार. इस्लामपूर्व अरबांतही असाच प्रकार होता. मक्केच्या काबागृहात हुबल नावाच्या मूर्तीपुढे बाण ठेवलेले असत. प्रवास, विवाह, व्यापार यांविषयी शंका असली की बाण काढून त्यावरून होकार वा नकार ठरवीत. कुराणाच्या पाचव्या सूऱ्यात बाणांनी असा कौल घेणे निषिद्ध ठरविले आहे. इस्तिखारा ही प्रार्थना त्या जागी आली, असे मुसलमान पंडित सांगतात. शब्दाचे मूळ 'खैर', म्हणजे भले, यात आहे. इस्तिखारा म्हणजे ईश्वराकडे भले मागणे. पुढे काय होणार ते विचारणे असा त्याचा अर्थ नव्हे.

तिचा विधी बुखारीच्या हदीससंग्रहात जाबिर नामक सहाबीच्या नावे नोंदलेला आहे. पाच वेळच्या फर्ज नमाजाखेरीज दोन रकात नमाज पढावी आणि नंतर ठरावीक दुआ म्हणावी. तिचा आशय असा की, हे काम माझ्या धर्माला, उपजीविकेला आणि परिणामी हितकारक असेल तर ते मला साध्य व सुलभ कर. अहितकारक असेल तर ते माझ्यापासून आणि मला त्यापासून दूर ठेव, आणि जेथे भले असेल तेथे मला समाधान दे. दुआत आपल्या कामाचा उल्लेख करावयाचा असतो. एवढाच विधी. त्यात झोपेचा उल्लेख नाही, स्वप्नाचाही नाही. सात वेळा इस्तिखारा करावा अशी एक परंपरा सांगतात. पण ती सांगणाऱ्यांची साखळी हदीसतज्ज्ञांनी दुबळी ठरविली आहे.

आमचा हा किनारा अरब व्यापाऱ्यांच्या जुन्या राबत्याचा. सोपारे बंदराचे नाव अरब भूगोलकारांच्या ग्रंथांत आहे, आणि मसऊदी हा प्रवासी इ. स. 915-16 च्या सुमारास चौलास आला होता. या दर्यावर्दी संबंधामुळेच कोकणी मुसलमान शाफई पंथाचे आहेत. म्हणून मी त्या विद्यार्थ्याला त्याच्याच पंथातील आचार्यांची मते सांगितली. नववी (मृत्यू 1277) म्हणतात की, प्रार्थनेनंतर मन ज्या बाजूस मोकळे होईल तिकडे जावे. दमास्कसचे इब्न जमलकानी (मृत्यू 1327) यांना तेवढेही मान्य नाही. प्रार्थना झाली की जे योग्य दिसेल ते करावे, मन मोकळे होवो वा न होवो; हदीसमध्ये तशी अटच नाही, असे त्यांचे म्हणणे. इब्न हजर (मृत्यू 1449) यांनी तर एक मार्मिक इशारा दिला आहे: प्रार्थनेपूर्वीच ज्या गोष्टीची तीव्र ओढ होती, त्या ओढीला नंतर ईश्वरी संकेत समजू नये.

मग स्वप्न आले कोठून? स्वप्नाला इस्लामी परंपरेत मान आहे खरा. चांगले स्वप्न हा पैगंबरत्वाचा छेचाळिसावा अंश, असे हदीस सांगते. पण स्वप्ने तीन प्रकारची, असेही तीच परंपरा सांगते. एक ईश्वराकडचे, दुसरे सैतानाकडचे, तिसरे मनातल्याच विचारांचे. तिसऱ्याला पहिले समजणे ही नेहमीची चूक. बाजारात इब्न सिरीनच्या नावाने मिळणारी स्वप्नफलांची पुस्तकेही त्या 728 साली वारलेल्या विद्वानाची नव्हेत. ती पुष्कळ नंतरची संकलने आहेत. त्याच्याविषयी सांगतात ते वेगळेच. दोघांनी 'मी अजान देत आहे' असे एकच स्वप्न सांगितले. एकाला तो म्हणाला, तुला हज घडेल. दुसऱ्याला म्हणाला, तू चोर ठरशील. स्वप्न एक, पण पाहणारी माणसे निराळी.

मनातला विचार स्वप्नाचा अर्थ कसा ठरवितो, याचे एक लेखी उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. ते इस्तिखाऱ्याचे नव्हे, आपोआप पडलेल्या स्वप्नाचे आहे. टिपू सुलतान आपली स्वप्ने स्वहस्ते फारसीत लिहून ठेवी. 1799 साली श्रीरंगपट्टण पडल्यावर ती वही इंग्रजांच्या हाती लागली. तीत सदतीस स्वप्ने आहेत. 1786 साली सावनूरजवळ हरिपंत फडक्यांच्या छावणीवर छापा घालण्यापूर्वी त्याला स्वप्न पडले की, एक देखणा अनोळखी तरुण येऊन बसला आणि पगडीखालचे केस मोकळे करताच ती स्त्री असल्याचे दिसले. टिपूने अर्थ लावला की मराठे पुरुषवेषातील स्त्रिया ठरतील. दोन दिवसांनी त्याने दोनतीनशे लोकांनिशी छापा घातला आणि मराठे पळाले, असे तो समाधानाने नोंदवितो.

येथे वही मिटली तर स्वप्न खरे झाले. पण पुढचे पान उलटा. 1787 च्या गजेंद्रगडच्या तहात त्याच टिपूने मराठ्यांस 48 लाख रुपये देण्याचे आणि बदामी, नरगुंद, कित्तूर सोडण्याचे कबूल केले. 1792 साली हेच हरिपंत इंग्रजांसह श्रीरंगपट्टणापुढे उभे होते आणि सुलतानाला निम्मे राज्य द्यावे लागले. दुसऱ्या एका स्वप्नात त्याला खजुरांची तीन रुपेरी तबके दिसली. तीन शत्रूंची राज्ये आपल्याला मिळणार, असा त्याने अर्थ केला. प्रत्यक्षात त्याचेच राज्य शत्रूंनी वाटले. टिपू काही अडाणी नव्हता. छापा घालण्याचे त्याच्या मनात आधीच होते. स्वप्नातील स्त्रीचा दुसरा कोणता अर्थ त्याला सुचणार?

हे ऐकून माझा विद्यार्थी हसला. मी विचारले, "गाळा घ्यावा असे तुझ्या मनात आधीपासून होते ना?" तो म्हणाला, "होते." "कागद पाहिलेस?" "नाही." मी म्हटले, "इस्तिखाऱ्याबरोबर इस्तिशाराही सांगितला आहे, म्हणजे जाणत्याचा सल्ला. तो तुझा राहिलाच." स्वप्नाला त्याने हो म्हणावे की नाही, याविषयी मी बोललो नाही.

तो दुसऱ्या दिवशी वकिलाकडे गेला. गाळ्यावर मालकाच्या भावाचेही नाव निघाले आणि भावाची संमती नव्हती. त्याने गाळा सोडला. पुढे वसईत भाड्याने जागा घेतली. तेथे धंदा बेताचा चालतो. मामू मात्र आता सर्वांना सांगतात की, छपरातून पाणी गळणे हे वाईटच, ते आपण त्याच दिवशी ओळखले होते.