‘विमोवे’ या शब्दाचा माग

‘द लायन स्लीप्स टुनाइट’ हे गाणे ऐकले नाही असा माणूस विरळा. १९९४ सालच्या डिस्नेच्या ‘द लायन किंग’ या चित्रपटात टिमॉन आणि पुम्बा ते गुणगुणतात, आणि ज्यांना चित्रपट आठवत नाही त्यांनाही ती उंच तान आठवते. परंतु हे गाणे प्रथम कोणी गायिले, हा प्रश्न विचारला की बहुतेक जण ‘द टोकन्स’ या अमेरिकन गायकवृंदाचे नाव घेतात. ते उत्तर चुकीचे आहे. ते चूक कसे ठरते, हे पाहण्यासाठी गाण्याच्या मागे मागे चालत जावे लागते.

टोकन्सची तबकडी १९६१ साली निघाली आणि त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. इंग्रजी शब्द जॉर्ज डेव्हिड वाइस याने लिहिले होते. आता शब्द बाजूला ठेवून पार्श्वभागी घुमणारा आवाज ऐकावा. तेथे सतत एकच निरर्थक शब्द येतो: ‘विमोवे’. इंग्रजीत त्याला काही अर्थ नाही, आणि गाण्यातील जंगलाशी किंवा सिंहाशीही त्याचा संबंध लागत नाही. गाण्यात असा अनाथ शब्द सापडला, तर तो दुसरीकडून आलेला असण्याचा संभव मोठा असतो. नवे गाणे रचणारा माणूस सहसा असा शब्द घडवीत नाही. नक्कल करणारा मात्र तो न कळताही जपून ठेवतो.

हा शब्द आला कोठून, याचे उत्तर दहा वर्षे मागे सापडते. पीट सीगर याच्या ‘द वीव्हर्स’ या गटाने १९५१ साली गॉर्डन जेन्किन्सच्या वाद्यवृंदासह ‘विमोवे’ याच नावाचे गाणे ध्वनिमुद्रित केले होते. टोकन्सच्या गायकांनी ते ऐकले होते. म्हणजे टोकन्सची तबकडी मूळ नव्हे. मग वीव्हर्सची मूळ म्हणावी काय? तबकडीवर गीतकार म्हणून ‘पॉल कॅम्पबेल’ असे नाव छापलेले आहे. नाव भरभक्कम वाटते, पण या नावाचा माणूस नव्हता. लोकगीतांचे नवे रूप करून त्याचे मानधन घेण्यासाठी वीव्हर्सच्या गायकांनीच धारण केलेले ते टोपणनाव होते. लेबलावरील नाव हा पुरावा असतोच, परंतु तो पैसा कोणाकडे जावा याचा पुरावा असतो; गाणे कोणाच्या तोंडून प्रथम बाहेर पडले याचा नव्हे.

सीगरला हे गाणे मिळाले ते लोकसंगीताचा संग्राहक ऍलन लोमॅक्स याने दिलेल्या आफ्रिकेतील तबकड्यांमधून. त्यांपैकी एकीवर ‘म्बुबे’ असे नाव होते. झुलू भाषेत म्बुबे म्हणजे सिंह. तबकडीवरील गायकवृंद ‘उयिम्बुबे’ म्हणत होता, म्हणजे ‘तू सिंह आहेस’. सीगरला झुलू येत नव्हती. त्याच्या कानांनी त्या शब्दाचे ‘विमोवे’ केले, आणि तेच त्याने लिहून घेतले.

येथे एक तुलना उपयोगी पडेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना पंडितांनी पोथ्यांचे कुळ ज्या साधनांनी लावले, त्यांत लेखकूंच्या चुका हे एक मोठे साधन होते. चुकीचा पाठ एका पोथीतून दुसरीत उतरतो, आणि तोच चुकीचा पाठ दोन पोथ्यांत भेटला की त्यांचे नाते उघड होते. गाण्याचेही तसेच आहे. अर्थ असलेल्या ‘उयिम्बुबे’चे अर्थहीन ‘विमोवे’ होऊ शकते. ‘विमोवे’ ऐकून कोणी नेमका ‘तू सिंह आहेस’ असा अर्थ देणारा झुलू शब्द घडवील, हे संभवत नाही. प्रवाह कोणत्या दिशेने वाहिला, हे त्या एका चुकीनेच सांगितले.

‘म्बुबे’ १९३९ साली जोहान्सबर्गमध्ये गॅलो कंपनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले. गायक सॉलोमन लिंडा आणि त्याचा ‘इव्हनिंग बर्ड्स’ हा गायकवृंद. लिंडा नातालमधील म्सिंगा येथील; बालपणी गुरे राखलेला, पुढे शहरात येऊन गॅलोच्याच कारखान्यात तबकड्या बांधण्याचे काम करणारा मजूर. खर्जातील आवाज एकच पद घोळवीत राहतात आणि त्यांवर लिंडाचा उंच स्वर तरंगतो. गाणे संपता संपता त्याच्या कंठातून एक नवीच स्वरावली निघते. ती ठरवून बसविलेली नव्हती. तिसऱ्या वेळी ध्वनिमुद्रण करताना ती त्याला ऐन वेळी सुचली, असे सांगितले जाते.

मूळ आणि नक्कल ओळखण्याची याहून चांगली खूण नाही. लिंडाच्या तबकडीत ती स्वरावली शेवटी, ओझरती येते. टोकन्सच्या गाण्यात तीच मुख्य चाल झाली आहे: तिला इंग्रजी शब्द जोडले गेले आहेत आणि ती ठरीव मापात पुन्हा पुन्हा येते. जे एकाला गाता गाता सुचले, ते दुसऱ्याने पाठ केले.

तारखांविषयी एक सावधानता हवी. संगणकीय संगीतसंग्रहात गाण्यापुढे दिसणारे वर्ष बहुधा नव्या संकलनाचे असते; १९३९चे ध्वनिमुद्रण तेथे सहज २००० नंतरचे दिसू शकते. जुन्या तबकडीच्या मध्याजवळ, खोबण्या जेथे संपतात तेथे कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक अधिक भरवशाचा. तो मूळ साच्याला दिलेला असतो, त्यामुळे लेबल बदलले तरी सहसा टिकून राहतो, आणि कंपनीच्या नोंदवहीत त्यापुढे ध्वनिमुद्रणाचा दिवस सापडू शकतो. मात्र हा क्रमांकही पहिल्या तबकडीपाशी थांबतो. गायकवृंद स्टुडिओत पाऊल टाकण्यापूर्वी जे गात असतो, त्याचा साचा कोणी केलेला नसतो.

लिंडाने या गाण्याचे हक्क दहा शिलिंगांना विकले होते. सीगरला गाणे लोकगीत नसून लिंडाची रचना आहे हे कळल्यावर त्याने त्याला एक हजार डॉलर पाठविले. पण हक्कांचे मोठे उत्पन्न इतरांकडे जात राहिले. टोकन्सची तबकडी अमेरिकेत गाजत होती, त्यानंतर वर्ष उलटण्यापूर्वीच, ऑक्टोबर १९६२मध्ये, लिंडा मूत्रपिंडाच्या विकाराने निवर्तला. त्याच्या थडग्यावर दगड बसविण्याचीही ऐपत पत्नीपाशी नव्हती.

२००० साली रियान मालान या दक्षिण आफ्रिकी पत्रकाराने ‘रोलिंग स्टोन’ मासिकात ही सारी साखळी उलगडली, आणि त्यानंतर वारसदार न्यायालयात गेले. त्यांच्या कामी आला तो ब्रिटनचा १९११चा कॉपीराइट कायदा. हाच कायदा १९१४च्या अधिनियमाने काही फेरफारांसह हिंदुस्थानातही लागू झाला होता. त्यातील तरतुदीनुसार लेखकाने हयातीत हक्क विकले असले, तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते वारसांकडे परत येतात. लिंडाच्या बाबतीत ते वर्ष १९८७ होते. ‘द लायन किंग’ त्यानंतर सात वर्षांनी आला, म्हणून दावा डिस्नेवर लागला. फेब्रुवारी २००६मध्ये तडजोड झाली: मागील व पुढील मानधनाचा वाटा वारसांना मिळाला, आणि गाण्याच्या सहरचनाकारांत सॉलोमन लिंडा हे नाव मान्य करण्यात आले.