‘होय, आणि…’ : स्वयंपाकघरात ठरलेला एक नियम

आजचा आपला विषय दोनच शब्दांचा आहे. ‘होय, आणि’. इंग्रजीत ‘येस, अँड’. समोरचा जे बोलला ते धरायचं आणि त्यात आपली भर घालायची, अशी ही सवय. आज ती कार्यालयांमधल्या प्रशिक्षणात शिकवली जाते. त्यामुळे पुष्कळांना वाटतं, की हा नम्रपणाचा किंवा सकारात्मक विचारांचा धडा असावा. मुळात तसं नव्हतं. रंगमंचावर रोज रात्री उभी राहणारी एक व्यावहारिक अडचण सोडवण्यासाठी नटांनी केलेला हा नियम आहे. ती अडचण समजून घेतली, की घरच्या बोलण्यात हा नियम कुठे लागू पडतो आणि कुठे पडत नाही, हेही आपल्याला नीट कळेल.

सुरुवात होते शिकागोमध्ये. 1955 साली डेव्हिड शेफर्ड आणि पॉल सिल्स यांनी तिथल्या विद्यापीठाजवळच्या एका दारूच्या गुत्त्यात ‘कंपास’ नावाची नाटकमंडळी सुरू केली. लिहिलेले संवाद नसत. प्रसंगांचा क्रम तेवढा आधी ठरलेला आणि बोलणं जागच्या जागी. आपल्याकडे दशावतारात कथा ठरलेली असते आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात, तसंच काहीसं. पुढे प्रेक्षकांकडूनच एखादी कल्पना मागून घ्यायची आणि त्यावर प्रसंग उभा करायचा, हा प्रकार लोकप्रिय झाला.

आता अडचण बघा. मंचावर नेपथ्य जवळजवळ नाही. एक नट म्हणतो, “डॉक्टर, हा माझा पाय बघा.” या एका वाक्याने दवाखाना उभा राहिला. दुसरा म्हणतो, “मी कुठला डॉक्टर? मी पोस्टमन.” प्रेक्षक हसतात. पण दवाखाना गेला, दुखरा पाय गेला, आणि पहिल्या नटाला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली. अशा प्रसंगात तेवढ्या शब्दांशिवाय दुसरं काही खरं नसतं. ते नाकारलं की उभं राहायला जमीनच उरत नाही.

1957 साली कंपासची एक शाखा सेंट लुईस शहरात टेड फ्लिकर चालवत होते. एलेन मे, माइक निकोल्स, डेल क्लोज ही मंडळी तिथे काम करत होती. कुठले प्रसंग रंगले आणि कुठले पडले, याचा खल फ्लिकर आणि मे वेस्टमिन्स्टर प्लेस या रस्त्यावरच्या घराच्या स्वयंपाकघरात बसून करत. त्यातून निघालेल्या नियमांना पुढे ‘स्वयंपाकघरातले नियम’ असंच नाव पडलं. त्यातला पहिला असा : सहकाऱ्याने जे खरं म्हणून मांडलं, ते नाकारायचं नाही. म्हणजे ‘होय, आणि’ यातल्या ‘होय’चं हे जुनं, रोखठोक रूप. त्याच सुमारास लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात कीथ जॉनस्टन याच अडचणीवर काम करू लागले होते. नटाच्या प्रत्येक बोलण्याला ते ‘देऊ केलेली गोष्ट’ म्हणत. ती स्वीकारायची किंवा अडवायची, एवढेच दोन मार्ग.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘होय’ म्हणजे मताला मान डोलावणं नव्हे. निकोल्स आणि मे यांचा आई-मुलाच्या टेलिफोनचा प्रवेश फार गाजला. मुलगा रॉकेटशास्त्रज्ञ. त्याने फोन केला नाही म्हणून आई त्याला बोल लावते. तो कामाचं सांगतो, ती आपल्या हालअपेष्टांवर येते. तो माफी मागतो, ती आणखी दुखावते. शेवटी हा मोठा शास्त्रज्ञ तान्ह्या बाळासारखा बोबडा बोलू लागतो. आता इथे ‘होय, आणि’ कुठे आहे? आई तर प्रत्येक वाक्य स्वतःकडे वळवते आहे! पण नटी म्हणून मे निकोल्सचं एकही वाक्य वाया जाऊ देत नाही. त्याने जे दिलं, त्याचीच पुढची तक्रार होते. म्हणजे पात्रं कडाडून भांडू शकतात. नटांनी मात्र एकमेकांचं ऐकलेलं असावं लागतं.

आणि ही आई आपल्याला घरोघरी भेटते. तिच्या या सवयीला शास्त्रीय नाव मिळालं 1979 साली. चार्ल्स डर्बर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने रोजच्या संभाषणांचा अभ्यास करून उत्तरांचे दोन प्रकार सांगितले : विषय आपल्याकडे वळवणारं उत्तर आणि समोरच्याच्या विषयाला आधार देणारं उत्तर. योगायोग असा, की जॉनस्टन यांचं ‘इम्प्रो’ हे पुस्तकही त्याच वर्षी आलं.

ही दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून एक उदाहरण पाहू. शेजारीण सांगते, “आईला परवा दवाखान्यातून घरी आणलं. पण रात्रभर झोपत नाही हो ती.”

एक उत्तर : “अगं, आमच्या सासूबाईंचंही असंच. दोन महिने आम्ही जागे.” हे ऐकायला अगदी ‘होय, आणि’ वाटतं. ‘ही’ आहे, ‘असंच’ आहे. पण पुढचं वाक्य कोणाबद्दल येणार? सासूबाईंबद्दल. शेजारणीची आई दोन वाक्यांत बाजूला पडली.

दुसरं उत्तर : “हं… हो का.” यात कोणी काही अडवलं नाही, पण भरही घातली नाही. अशा दोन-चार हुंकारांनंतर विषय आपोआप विझतो. आधार देण्यात असा हात आखडता घेणं, हाही लक्ष आपल्याकडे ओढण्याचाच प्रकार, असं डर्बर म्हणतात.

तिसरं : “म्हणजे दिवसा कामं आणि रात्री जागरण, दोन्ही तुझ्यावरच आलं असणार.” इथे तिने सांगितलेलं धरलं आणि त्यातूनच निघणारी एक गोष्ट पुढे ठेवली. ती म्हणेल, “नाही, रात्री भाऊ बसतो, पण त्याची नोकरी…” अंदाज चुकला तरी बिघडलं नाही. बोलणं तिच्याच गोष्टीत एक पाऊल पुढे गेलं.

मात्र मंच आणि घर यांत एक फरक आहे. मंचावर ‘आणि’च्या पुढे काहीही रचता येतं, पाय लाकडी निघाला तरी चालतं. घरी समोरच्याच्या आयुष्यात आपल्याला भर टाकता येत नाही. तिथली ‘आणि’ त्याने सांगितलेल्यातूनच काढावी लागते. म्हणून प्रश्नांची किंमतही बदलते. मंचावर “हे काय आहे?” असं विचारणारा नट रचण्याचं ओझं दुसऱ्यावर टाकतो, म्हणून तिथे प्रश्न टाळायला शिकवतात. घरी “रात्री तिच्याजवळ कोण बसतं?” हा प्रश्न उत्तम आधार देतो, कारण उत्तर फक्त तिच्याकडेच आहे.

मग सासूबाईंची गोष्ट सांगायचीच नाही का? सांगावी. अनुभव जुळणं ही मैत्रीतली मोठी गोष्ट आहे. फक्त ती सांगून परत यावं : “आमच्याकडे दिवसाची झोप कमी केल्यावर फरक पडला. तुझी आई दुपारी किती झोपते?” आपण परत आलो की नाही, हे ओळखायला सोपी खूण आहे. तीन-चार वाक्यांनंतर बोलण्याचा कर्ता कोण आहे ते पाहावं. शेजारणीची आई अजून कर्ता असेल, तर आपण भर घातली. आपल्या सासूबाई असतील, तर ‘आणि’ म्हणत म्हणत आपण दवाखाना मोडून पोस्ट ऑफिस उभं केलं.