ऋणको नियंत्रण खाते
उधारीचे ग्राहक वाढले की प्रत्येकाचे खाते सहायक खातेवहीत जाते. मुख्य खातेवहीत त्या सर्वांचे एकच नियंत्रण खाते राहते. ग्राहकाच्या खात्यात एकेक बीजक, नियंत्रण खात्यात मात्र विक्री व रोकड पुस्तकांच्या मासिक बेरजा नोंदवतात. समजा, आरंभीची येणी २,००,००० रुपये, उधार विक्री ५,००,०००, वसुली ४,५०,०००, सूट व विक्री परत मिळून २५,०००. अखेरची शिल्लक २,२५,००० यायला हवी. ग्राहकयादीची बेरीज २,२६,८०० आली, तर फरक १,८०० रुपयांचा. त्याला नऊने पूर्ण भाग जातो, म्हणून आधी अंकांची अदलाबदल शोधावी: ३,५४०चे बीजक ग्राहकाच्या खात्यात ५,३४० असे चढलेले असू शकते. एका ग्राहकाची रक्कम दुसऱ्याच्या नावे पडली, तर मात्र दोन्ही बेरजा जुळतात आणि चूक लपून राहते.