जुळी खोली आणि राजाचा पलंग

तर झालं असं की गेल्या महाशिवरात्रीला औंढा नागनाथला एका मित्राच्या काकांच्या लॉजवर घोळ झाला, आणि तो निस्तरायचं काम फिरत फिरत माझ्याकडे आलं. "तू कॉम्प्युटरवाला ना, मग बघ की हे," एवढंच काकांचं म्हणणं.

घोळ असा. पुण्याचं एक कुटुंब होतं: आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडं. आजोबांना रात्री उठल्यावर आपण कुठे आहोत ते उमगत नाही, म्हणून दोन खोल्या आणि मध्ये उघडं ठेवता येईल असं दार हवं होतं. बुकिंगच्या एका साईटवर काकांच्या लॉजची माहिती मराठीत होती. त्यात एका ओळीत लिहिलं होतं 'जुळी खोली'. सूनबाईंना वाटलं, वा! हेच तर हवंय. दोन बुक केल्या असत्या तर चार खोल्या झाल्या असत्या, म्हणून त्यांनी हिशोबाने एकच बुक केली. रात्री दहाला पोचले तेव्हा एक खोली आणि तिच्यात तीन-तीन फुटांच्या दोन कॉट. यात्रेची गर्दी, गावात दुसरी खोली मिळणं अशक्य. काकांनी जमिनीवर गाद्या टाकून दिल्या, आणि मुलगा रात्रभर दाराला पाठ लावून बसून राहिला, आजोबा बाहेर जाऊ नयेत म्हणून.

मूळ शब्द अर्थातच 'ट्विन' होता. कुणीतरी शब्दाला शब्द लावला होता. पण गंमत बघा, तो चुकलेला शब्द निरर्थक नव्हता. त्याला मराठीत दुसराच, अगदी नीट अर्थ होता. जुळी मुलं, जुळी शहरं... जुळं म्हणजे दोन पूर्ण वस्तू एकमेकींना लागून. 'जुळी खोली' वाचून कुणाच्याही डोळ्यापुढे दोन खोल्याच येणार. मग मी बाकीची यादी काढली आणि लक्षात आलं की सगळेच शब्द असे एकेक घर सरकलेत.

'डबल रूम' घ्या. हॉटेलवाल्यासाठी ती दोन माणसांची एक खोली. पण आपल्याकडे भाड्याचं घर शोधताना 'डबल रूम' म्हणजे दोन खोल्यांचं बिऱ्हाड, एक बाहेरची आणि एक स्वयंपाकाची. 'कनेक्टिंग रूम्स'ला यादीत 'संलग्न खोल्या' केलं होतं. आता मराठवाड्यातल्या कुठल्याही लॉजच्या काउंटरवर विचारा, 'अटॅच' म्हणजे काय? खोलीतच संडास-बाथरूम! 'अटॅच पाहिजे का कॉमन?' हा तिथला पहिला प्रश्न असतो. त्यामुळे 'संलग्न' वाचणारा बाथरूमच समजतो. म्हणजे ज्यांना मधलं दार हवं ते 'जुळी' निवडणार, ज्यांना बाथरूम हवी ते 'संलग्न' निवडणार, आणि दोघंही भांडायला काकांकडे येणार. 'किंग'चं काय केलं होतं ते सांगायलाच नको. 'राजाचा पलंग' :)

हे सगळं असं का झालं हे शोधताना दोन वीकेंड गेले. मला वाटतं कारण असं की आपण खोलीला कधी पलंगावरून ओळखलंच नाही. देवळाच्या ओवऱ्या, धर्मशाळा, मुसाफिरखाने, कुठेही गेलात तरी तिथे मिळायची ती जागा. अंथरूण तुमचं तुम्ही आणायचं. त्याला मराठीत किती छान शब्द आहे, वळकटी! रात्री पसरली, सकाळी गुंडाळली. ओवरीत चार माणसं झोपली की ती चौघांची, नऊ झोपली की नऊजणांची. खोलीला ठरलेला आकडा नव्हता, कारण झोपायची वस्तूच ठरलेली नव्हती.

साहेबाचं तरी वेगळं कुठे होतं? हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि इथे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. अशा रस्त्यांवर इंग्रज प्रवाशांसाठी डाक बंगले असत. तिथे खोली, टेबल-खुर्ची, नुसती खाट आणि स्वयंपाकाला खानसामा मिळे. गादी-चादर साहेबाने स्वतःची आणायची, होल्डॉलमध्ये बांधून. म्हणजे साहेबाचीही वळकटीच, फक्त पट्टे चामड्याचे. इंग्रजीत 'बेड' हा एकच शब्द खाटेलाही चालतो आणि अंथरुणालाही. आपल्याकडे खाट, बाज, पलंग वेगळे आणि गादी, अंथरूण, पथारी वेगळी. अनुवाद इथेच पहिल्यांदा अडखळतो.

आता 'ट्विन'ची गोष्ट. एका खोलीत नवरा-बायकोसाठी दोन सारखे वेगळे पलंग, ही फॅशन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंड-अमेरिकेत आली. कारण काय, तर आरोग्य! शेजारी झोपलेल्या माणसाच्या उच्छ्वासातली दूषित हवा आपण ओढतो, अशक्त माणूस सशक्ताची शक्ती शोषून घेतो, असं तेव्हाचे आरोग्यसुधारक सांगत. हिलरी हाइंड्स या अभ्यासक बाईंनी २०१९ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. पुढे १९३४ पासून हॉलिवूडमध्ये सेन्सॉरचे नियम कडक झाले आणि पडद्यावरची लग्न झालेली जोडपीसुद्धा वेगवेगळ्या पलंगांवर झोपायला लागली. शब्द होता 'जुळे पलंग', आणि जोडीतला एक पलंग म्हणजे 'ट्विन'. अमेरिकेत पुढे ते मापाचंच नाव झालं, साधारण ३८ इंच रुंद. म्हणजे तिथे एकट्या पलंगालाही 'ट्विन' म्हणतात. जुळ्यातलं एकच!

'किंग'ला तर राजाचा काहीच संबंध नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गादीवाल्या कंपन्यांनी मोठ्या मापांना किंग-क्वीन नावं दिली. तिथला जुना 'डबल' ५४ इंचांचा, म्हणजे माणशी २७ इंच, जवळपास तान्ह्या बाळाच्या पाळण्याएवढी रुंदी. त्यापुढे 'किंग' ७६ इंचांचा. पण इंग्लंडचा 'किंग' फक्त ६० इंच! आणि आपल्याकडे? सुताराला 'डबल बेड' सांगा, तो विचारेल, "पाच बाय सव्वासहा की सहा बाय सव्वासहा?" म्हणजे आपला घरचा डबल बेड इंग्लंडच्या किंगएवढा किंवा त्याहून मोठा. उलट ऑनलाइन गादी घ्यायला गेलात तर 'डबल' म्हणून चार फुटी गादी दाखवतात. एका शब्दाची चार मापं, त्यामुळे शब्द कितीही सुंदर अनुवादला तरी उपयोग शून्य. फूटच लिहायला हवेत.

एक गोष्ट मात्र मला लागली. हॉटेलांची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात पाठवायला ओपनट्रॅव्हल नावाची एक प्रमाण पद्धत आहे. तिच्यात पलंगांच्या प्रकारांचे कोड आहेत: डबल, किंग, क्वीन, ट्विन... आणि फुतॉन आणि ततामीसुद्धा. जपानी लोकांचं जमिनीवरचं अंथरूण यादीत आहे. आपली गादी नाही. काकांच्या लॉजमध्ये यात्रेच्या दिवसांत निम्मी माणसं जास्तीच्या गादीवर झोपतात आणि सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती झोपतच नाहीत.

असो. मग मी केलं काय, तर नावं टाकून दिली. काकांसोबत टेप घेऊन प्रत्येक खोलीत गेलो आणि चारच गोष्टी लिहिल्या. किती माणसं, किती बेड आणि किती फुटी, ते जोडता येतात का, आणि दार कुठून कुठे. शब्द निवडताना 'खाट' मला फार आवडला होता, पण काकू म्हणाल्या, "तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय वाटतंय रे." खरंच की. सरकारी मराठीने खाट दवाखान्याला देऊन टाकलीय. 'पलंग' लग्नातला वाटतो. शेवटी सगळे म्हणतात तेच ठेवलं, बेड.

पहिल्या मसुद्यात मी 'दोन बेडची खोली' लिहिलं. ऑफिसातल्या तिघांना आणि काकांच्या काउंटरवरच्या पोराला कागद दिला आणि म्हटलं, वाचून खोलीचं चित्र काढा, बेड आणि दारं दाखवा. (कुणाला 'कळलं का' विचारू नका, सगळे हो म्हणतात.) दोघांनी दोन डबल बेड काढले! म्हणून 'वेगवेगळे' आणि फूट आले. 'मधल्या दाराच्या खोल्या' यावर एकाने दार व्हरांड्यात काढलं, म्हणून 'आतूनच' हा शब्द आला. शेवटी झालं ते असं:

ट्विनसाठी: 'एक खोली, दोघांसाठी. दोन वेगवेगळे बेड, प्रत्येकी ३ फूट रुंद. हवे तर जोडून मिळतात, मध्ये फट राहते.'

मोठ्या बेडसाठी: 'एक खोली, दोघांसाठी. एकच बेड, ६ फूट रुंद. जास्तीची एक गादी जमिनीवर मिळते.'

कनेक्टिंगसाठी: 'दोन खोल्या, चौघांसाठी. आतूनच एकीतून दुसरीत जायला दार. दोन्ही खोल्या एकत्रच मिळतील.'

आणि नुसत्या शेजारच्या खोल्यांसाठी वेगळी ओळ: 'शेजारी-शेजारी, पण मध्ये दार नाही, व्हरांड्यातून जावं लागतं.' ही ओळ काकांना नको होती. नाही ते कशाला सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना त्या रात्रीची आठवण करून दिली, मग गप्प बसले. बाथरूमची ओळ पूर्ण वेगळी केली, तिथे 'अटॅच' तसाच ठेवला, कारण तो शब्द कुणालाच चुकत नाही.

अडचणी संपलेल्या नाहीत. साईटवरच्या खोलीच्या नावाच्या रकान्यात ही सगळी वाक्यं मावत नाहीत, खालच्या वर्णनात जातात, आणि मोबाईलवर वर्णन दाबल्याशिवाय उघडत नाही. म्हणून नावात फक्त 'एक खोली, २ वेगळे बेड' एवढंच कोंबलंय. शिवाय नर्सी नामदेवला पंजाबातून येणारे यात्रेकरू कधीकधी औंढ्यालाही मुक्काम करतात, त्यांच्यासाठी हिंदी मजकूर करायचाय. त्यांच्याकडे बाजेला 'मंजा' म्हणतात म्हणे. आपल्याकडे त्यावर पतंग उडतील.

मधल्या दाराच्या खोल्या काकांकडे एकच जोडी आहे, चार आणि पाच नंबर. मोजायला गेलो तेव्हा ते दार कपाटामागे होतं आणि त्याची कडी गंजलेली होती. कपाट हलवलं, कडी बदलली. पुण्याच्या त्या सूनबाईंना काकांनी फोन करून तसं सांगितलंय.