टी-चाचणीचं माहेर

टी-चाचणी जन्मली ती डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात, असं संख्याशास्त्राच्या वर्गात हमखास सांगितलं जातं. विल्यम सीली गॉसेट हा तिथला रसायनशास्त्रज्ञ. कारखान्याच्या नियमामुळे त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिलं. इथवर गोष्ट खरी आहे. पण १९०८ साली ‘बायोमेट्रिका’त छापलेला त्याचा लेख उघडला, तर आपली रीत दाखवायला त्याने घेतलेलं पहिलंच उदाहरण बिअरचं नाही. ते आहे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, कॅलामाझू इथल्या मनोरुग्णालयातल्या दहा रुग्णांच्या झोपेचं. शेतीची उदाहरणं त्यानंतर येतात. चाचणीचा बाप बिअरवाला असेल, पण तिचं माहेर मनोरुग्णालयात शोधायला हवं.

आकडे गॉसेटचे नव्हते. कुश्नी आणि पीबल्स यांनी १९०५ साली ते प्रसिद्ध केले होते: झोपेची औषधं दिल्यावर प्रत्येक रुग्ण नेहमीपेक्षा किती तास जास्त झोपला. गॉसेटने त्यातले दोन रकाने उचलले आणि उचलताना औषधांची नावं चुकवली. एकाच द्रव्याची दोन रूपं आपण ताडून पाहतो आहोत, असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात ती हायोसायमिन आणि हायोसीन ही वेगवेगळी औषधं होती. फिशरने १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात हेच आकडे पुन्हा वापरले. आज R या संगणकीय भाषेत `sleep` एवढं टाइप केलं की तेच दहा रुग्ण पडद्यावर हजर होतात.

दुसऱ्या औषधाने मिळालेल्या झोपेतून पहिल्याची झोप वजा केली, तर दहा फरक हाती येतात: १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६ आणि १.४ तास. सरासरी १.५८. आजच्या रीतीने टीचं मूल्य ४.०६ निघतं. दोन्ही औषधं सारखीच असती, तर एवढा मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास आहे. गॉसेटने मात्र ‘टी’ काढलाच नव्हता. त्याचं सूत्र थोडं वेगळं होतं, आणि दुसरं औषध सरस असल्याची पैज ६६६ ला एक अशी त्याने मांडली होती. सध्याचा आकार फिशरने दिला.

इथे एक खाचखळगा आहे आणि मानसशास्त्राचे विद्यार्थी त्यात आजही पडतात. माणसं दोन्हीकडे तीच दहा आहेत, हे विसरून दोन रकाने म्हणजे दोन स्वतंत्र गट मानले, तर टी १.८६ वर घसरतो आणि शक्यता हजारात ७९ होते. म्हणजे ‘काही सिद्ध झालं नाही’. आकडे तेच, निष्कर्ष उलटा. कारण सरळ आहे: काही रुग्ण मुळातच औषधाला चांगली दाद देणारे होते, काही नव्हते. एकाची झोप दोन्ही वेळा साडेतीन तासांच्या वर वाढली, तर दुसऱ्याची पहिल्या औषधाने उलट दीड तासाहून जास्त घटली. माणसामाणसांतला हा फरक वजाबाकीत निघून जातो. गट वेगळे मानले की तो गोंगाटासारखा मध्ये येतो. त्यामुळे कोणती चाचणी, या प्रश्नाआधी तीच माणसं की वेगळी, हे विचारावं लागतं.

आता त्या ४.६ कडे पाहू. बाकी फरकांपासून तो दूर उभा आहे. तो रुग्ण वगळला तर पुरावा कमजोर होईल, असं कुणालाही वाटेल. होतं उलट: टी ४.०६ वरून ५.६६ वर चढतो, कारण त्या एका आकड्याने सरासरी वाढवली त्याहून जास्त पसारा वाढवला होता. आणि समजा नोंद करताना दशांशचिन्ह निसटून ४.६ चे ४६ झाले. दुसऱ्या औषधाचं पारडं आता फारच जड दिसायला हवं, पण टी १.२८ वर कोसळतो. फरक कागदावर ठिपक्यांनी मांडून पाहिले असते, तर अशी चूक क्षणात दिसली असती.

क्रमावर आधारलेली चाचणी इथे ढिम्म हलत नाही. विल्कॉक्सनच्या रीतीत शून्य फरक बाजूला ठेवायचा आणि उरलेल्या नऊ फरकांना लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमांक द्यायचे. नऊही फरक दुसऱ्या औषधाच्या बाजूचे, म्हणून बेरीज ४५, शक्य तेवढी सर्वांत मोठी. योगायोगाची शक्यता ५१२ मध्ये २, म्हणजे हजारात चार. शेवटचा आकडा ४.६ असो की ४६, त्याचा क्रमांक नववाच. प्रतिक्रियेला लागणाऱ्या वेळेसारखी लांब शेपूट असलेली मोजमापं, आणि तीही थोडक्या माणसांची, असतील तर ही रीत म्हणूनच कामी येते.

या चाचणीचं कूळ मात्र वादाचं आहे. फ्रँक विल्कॉक्सनही रसायनशास्त्रज्ञच; अमेरिकन सायनामिड कंपनीत असताना १९४५ साली त्याने चार पानांत दोन क्रमचाचण्या मांडल्या. जोड्यांसाठी एक आणि वेगळ्या गटांसाठी दुसरी. १९४७ साली मान आणि व्हिटनी यांनी दुसरीचं गणित वाढवलं आणि तिला त्यांचंच नाव चिकटलं. पण १९५७ मध्ये विल्यम क्रुस्कलने जुनी पानं चाळून दाखवलं की वेगळ्या गटांची ही चाचणी गुस्ताव्ह डॉयक्लर या जर्मन शिक्षण-मानसशास्त्रज्ञाने १९१४ सालीच मांडली होती. मग ती विसरली का गेली? महायुद्धाने जर्मन नियतकालिकं इंग्रजी वाचकांपासून तोडली, हे उत्तर पटण्याजोगं आहे, पण अंदाजच. एवढं नक्की की मानसशास्त्राने ही चाचणी रसायनातून उसनी घेतली असं म्हणताना तिची घरची बाजू झाकली जाते.

तिसरी नेहमीची चाचणी काय-वर्गाची. ती कार्ल पिअरसनने १९०० साली मांडली, फासे आणि रूलेटच्या आकड्यांवर. तिला मोजमाप नको, मोजदाद हवी: किती जण कोणत्या खान्यात. म्हणून झोपेचे तास टाकून फक्त ‘झोप वाढली की नाही’ एवढंच लिहू. पहिल्या औषधाने दहापैकी पाच, दुसऱ्याने नऊ. साधा काय-वर्ग ३.८१ येतो, पण तो इथे दोनदा चुकीचा. प्रत्येक रुग्ण दोनदा मोजला गेला, आणि दोन खान्यांत अपेक्षित संख्या फक्त तीन, नेहमीच्या पाचाच्या मर्यादेखाली. जोडीच्या मोजदादीसाठी क्विन मॅकनेमार या मानसशास्त्रज्ञाने १९४७ साली वेगळी चाचणी दिली. ती फक्त उत्तर बदललेले रुग्ण पाहते: चार एका दिशेने, उलट एकही नाही. नेमका हिशेब केला तर शक्यता आठात एक. हजारात तीनचा पुरावा तास फेकून दिल्याबरोबर विरून गेला. नैराश्याच्या गुणांचे ‘जास्त’ आणि ‘कमी’ असे दोन गट पाडून काय-वर्ग लावणारे प्रबंध हेच करतात.

टी की क्रमचाचणी, हे अनेकदा मोजपट्टी पाहून ठरवलं जातं. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन्सने १९४६ साली मोजपट्ट्यांच्या पायऱ्या मांडल्या. क्रमवाचक पट्टी असेल तर सरासरी घेऊ नये, हा त्यातून निघालेला दंडक, आणि सीगलच्या १९५६ च्या पुस्तकाने तो घरोघरी पोचवला. फ्रेडरिक लॉर्डने त्याची थट्टा १९५३ सालीच केली होती: फुटबॉलच्या जर्सीवरचे क्रमांक कुठून आले हे त्या क्रमांकांना ठाऊक नसतं. लॉर्डची बाजू जड वाटते. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा एकाच प्रश्नावर, पंधरा-वीस जणांची उत्तरं एका टोकाला साचली असतील, तर क्रमचाचणी बरी. पण तशा वीस प्रश्नांची बेरीज शंभर जणांकडून घेतली असेल आणि वितरण फार झुकलेलं नसेल, तर टी-चाचणी नाकारायला दंडकापलीकडे फारसं कारण उरत नाही.