तपास अंक (आयएसबीएन)
पुस्तकाच्या क्रमांकातील लिहिण्या-वाचण्याची चूक ओळखण्यासाठी त्याच्या शेवटी जोडलेला अंक. १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन दहाऐवजी तेरा अंकी झाला, तेव्हा जुन्या याद्यांतील प्रत्येक क्रमांकाचा तपास अंक नव्याने काढावा लागला. जुना शेवटचा अंक गाळायचा, सुरुवातीला ९७८ लावायचे आणि या बारा अंकांना डावीकडून आळीपाळीने १ व ३ ने गुणून बेरीज करायची. बेरजेला पुढच्या दहाच्या पटीत नेणारा अंक तो तपास अंक. ०३०६४०६१५२ चे ९७८०३०६४०६१५ होते. बेरीज ९३, म्हणून शेवटी ७. बेरीज दहाच्या पटीतच आली तर ० लिहावा, १० नव्हे.

यादी स्प्रेडशीटमध्ये असेल तर रकाना आधीच मजकूर प्रकारचा करावा, नाहीतर सुरुवातीचे शून्य गळते. जुना क्रमांक नऊच अंकी दिसला की बहुधा हेच घडलेले असते.

एखादाच अंक चुकला तर ही रीत हमखास पकडते. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल मात्र, त्यांच्यात ५ चा फरक असल्यास, निसटते. वरच्या क्रमांकात ६१ चे १६ झाले तर बेरीज ८३ येते आणि तपास अंक ७ च राहतो. जुन्या, ११ ने भागण्याच्या रीतीत ही चूकही सापडत असे. तेवढ्यापुरता हा बदल तोट्याचाच ठरला.