सरकता सारांश

सरकता सारांश : संभाषण करणाऱ्या ॲपमध्ये जुना संवाद संक्षिप्त करून भाषा-मॉडेलच्या टोकन-मर्यादेत बसवण्याची पद्धत. मॉडेलला आधीचे बोलणे आपणहून आठवत नाही. प्रत्येक वेळी ॲप त्याला मागचा मजकूर पुन्हा पाठवते. संवाद लांबला की तो मजकूर मर्यादेबाहेर जातो. तेव्हा अलीकडचे बोलणे जसेच्या तसे ठेवून जुन्याच्या जागी सारांश पाठवतात. बहुतेक टोकनायझर देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा बारीक पाडतात, त्यामुळे मराठी संवादात ही वेळ लवकर येते.

समजा, एकूण ८,००० टोकन आहेत. त्यांतील ८०० कायमच्या सूचनांना, १,००० येणाऱ्या उत्तराला आणि ७०० सारांशाला राखले, तर ताज्या संवादाला ५,५०० उरतात. तो आकडा ओलांडला की सर्वांत जुने संवाद बाहेर काढून जुन्या सारांशासह मॉडेलकडे देतात आणि दोन्ही मिळून ७०० टोकनांचा नवा सारांश करून घेतात. ताजा संवाद ५,४०० पर्यंतच कमी केला, तर पुढच्या एक-दोन प्रश्नांतच पुन्हा सारांश करावा लागतो. म्हणून तो एकदम ३,५०० पर्यंत खाली आणणे बरे. लँगचेनच्या जुन्या `ConversationSummaryBufferMemory` या घटकात ताज्या संवादाची मर्यादा `max_token_limit` ने ठरते.

पद्धतीचा खरा धोका असा की दुसऱ्या सारांशात सुरुवातीचे बोलणे मुळातून येत नाही, पहिल्या सारांशातून येते. पाककृतींच्या ॲपमध्ये एकीने सुरुवातीला लिहिले : ‘मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तीळ चालतात.’ पहिल्या सारांशात हे वाक्य टिकले. दुसऱ्यात ‘आहाराची काही पथ्ये आहेत’ एवढेच उरले. तिसऱ्यात त्याची जागा भाज्यांच्या चर्चेने घेतली आणि ॲपने दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर सुचवली. उत्तर सफाईदार असल्याने चूक वाचून कळत नाही. आकडे, नावे आणि नकार असेच आधी गळतात. ‘विचार करतेय’ याचे ‘ठरले आहे’ होते, तेही याच वाटेने.

ही गळती शोधायला चाचणीच्या संवादात आरंभी दहा ठोस गोष्टी पेराव्यात आणि प्रत्येक संक्षेपानंतर त्या विचाराव्यात. कितवी गोष्ट कोणत्या फेरीत हरवली, ते लगेच दिसते. ‘महत्त्वाचे ते ठेव’ अशी मोघम सूचना येथे फारशी कामाची नाही, कारण पुढे काय महत्त्वाचे ठरेल हे सारांश करताना माहीत नसते. ॲलर्जीसारख्या गोष्टी सारांशाबाहेर, वेगळ्या नोंदीत जशाच्या तशा ठेवाव्यात आणि प्रत्येक प्रश्नासोबत पाठवाव्यात. मूळ संवादही पुसू नये. तो साठवलेला असला, तर काही फेऱ्यांनंतर सारांश मुळापासून नव्याने करता येतो. मात्र मूळ मजकूरच मर्यादेपेक्षा मोठा झाला असेल, तर तो मॉडेलकडून भागाभागांनी वाचून घ्यावा लागतो.